एक गाठ की दोन

शिवानंद मुळगुंद यांचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात बरेच दिवस पडून होतं. निळं आंतर्देशीय. कडा नीट दुमडून चिकटवलेल्या, अक्षर फळ्यावर लिहायची सवय असलेल्या माणसाचं. रिपोर्टांचे कागद काढायला खण उघडला की ते दिसायचं आणि मी खण पुन्हा बंद करायचो.

पत्रात फारसं काही नव्हतं. आपण रोणच्या शाळेत मास्तर आहोत, बेटगेरीच्या दानेश्वरी होंबळ हिच्याशी आपलं लग्न ठरलं आहे, तिच्या पोटातली गाठ तुम्ही मशीनवर पाहिली असं कळलं. ‘माझी मावशी म्हणते, अशी गाठ काढताना अंडाशयही काढावं लागतं आणि मग मूल होत नाही. काही म्हणतात तो कॅन्सरच असतो. खरं काय असेल ते कृपा करून मला एकट्याला कळवावं. मी कुणाला सांगणार नाही.’

‘मला एकट्याला’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. माणूस वाईट वाटला नाही, घाबरलेला वाटला. पण जे तिचं, ते त्याला एकट्याला कसं कळवायचं? आणि खरं सांगायचं तर, पत्र आलं तेव्हा मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

गदगमध्ये मी इतकी वर्षं सोनोग्राफी करतो आहे की आता आया मुलींना घेऊन येतात आणि म्हणतात, ही पोटात होती तेव्हा तुम्हीच पाहिली होती. मला आठवत नाही. चेहरे मी फार बघत नाही, पडदा बघतो. मला माणसांशी बोलता येत नाही म्हणूनच बहुधा मी हा अंधाऱ्या खोलीतला धंदा निवडला. इथे बोलावं लागत नाही. प्रोब फिरवायचा, रिपोर्ट लिहायचा, पाकिटात घालायचा आणि म्हणायचं, डॉक्टरांना दाखवा.

दानेश्वरीला माझ्याकडे पाठवलं डॉ. सरोजा अंगडींनी. सरोजा आणि मी हुबळीला एकाच वर्गात होतो. ती बोलायची आणि मी वह्या उतरवून घ्यायचो. तेव्हापासून तेच चाललं आहे.

“गलगली, एक मुलगी पाठवतेय,” ती फोनवर म्हणाली. “तपासणी कॅम्पमधला सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्या हातात आहे. तो आधी वाचू नकोस. आधी बघ, मग वाच.”

“का?”

“वाचलास तर तुला तेच दिसेल. ओळखते मी तुला.”

मायलेकी आल्या तेव्हा बाहेर बाकावर जागा नव्हती. आई गिरिजव्वा भिंतीला टेकून उभी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. मुलगी सव्वीसची असेल. बोटांच्या पेरांवर निळसर रंग बसलेला होता, धुऊन न जाणारा. बेटगेरीत मागावर बसणाऱ्यांचे हात असे असतात.

माझ्याकडे काम करणाऱ्या इमामबीने विचारलं, “पाणी किती प्यायलीस ग?”

गिरिजव्वानेच उत्तर दिलं, अभिमानाने. “काल रात्रीपासून एक थेंब दिला नाही, अव्वा. अगदी नेमाने आणलीय.”

इमामबीने कपाळाला हात लावला. “अग माझ्या बाई, रक्त तपासायचं नाही, पोट बघायचंय! पाण्याने फुगून यायला हवं.”

“दवाखान्याला काय, उपाशीच जायचं असतं ना?”

“तू चष्म्याला पण उपाशीच नेशील तिला.”

“नेली होती,” दानेश्वरी म्हणाली. तोपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती. “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भोवळ आली मला. त्यांनी नंबर वाढवून दिला.”

इमामबी हसली. मीही हसलो असतो, पण मला दुसरंच काही सुचलं. मी दारातून विचारलं, “त्या कॅम्पलाही उपाशीच गेला होता?”

“हो तर. तो सोमवार होता. सोमवारी मी तसंही काही घेत नाही, हिलाही घेऊ दिलं नाही. आणि आत जायच्या आधी तिला लघवीला पाठवलं. पोट रिकामं पाहिजे म्हणून.” गिरिजव्वाचा आवाज मध्येच खाली आला. “चुकलं का साहेब?”

लग्न न झालेल्या मुलीची तपासणी आमच्याकडे पोटावरूनच करतात, आतून करत नाहीत. पोटावरून बघायचं तर मूत्राशय भरलेलं लागतं. ते भरलं की आतडी वर सरकतात आणि मशीनचा, कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यातून सरळ आत जातो. रिकामं असलं की मध्ये आतडी येतात आणि आतड्यातल्या हवेत आवाज मरतो. चित्र धुकट येतं. कॅम्पात शंभर बायकांची रांग, खिडकीला लावलेली चादर, घामाघूम झालेला कुणी तरुण डॉक्टर. त्याने परत पाठवलं असतं तर ती पुन्हा आली नसती, हेही त्याला माहीत असणार. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही.

“बसा,” मी म्हटलं. “पाणी प्या. लागली की सांगा. अगदी धरवेना झाली की मगच.”

दुपार ढळेपर्यंत ती बाकावर बसून पाणी पीत होती. मी आतल्या बाया संपवत होतो आणि दर वेळी दार उघडलं की इमामबीचा आवाज येत होता, “अजून एक ग्लास. लग्नात अशीच धरून बसावं लागतं, सवय कर.”

पडद्यावर मूत्राशय काळंभोर आणि तुडुंब दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. त्याच्या मागे गर्भाशय, सरळ, मधली रेघ स्वच्छ. डावं अंडाशय आपल्या जागी. मग मी प्रोब उजवीकडे वळवला आणि ते दिसलं. मोसंबीएवढं काहीतरी. अर्धं भरीव, अर्धं पाण्याचं. सरोजाने नको म्हटलं होतं तरी त्या रिपोर्टात काय लिहिलं असेल ते मला वाचल्यासारखं दिसलं.

मुलगी छताकडे बघत होती.

मग मी प्रोबने पोट हळूच दाबलं. इथे घाई करून चालत नाही. दाबलं की आतल्या वस्तू सरकतात, आणि कोण कोणाबरोबर सरकतं ते बघायचं असतं. भरीव भाग गर्भाशयाबरोबर हलला. पाण्याचा भाग हलला नाही, तो बाजूने घसरला. दोघांमध्ये केसाएवढी फट उघडली आणि मिटली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा फट.

गोळा एक नव्हता. दोन होते, शेजारी शेजारी टेकलेले.

वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉप्लर लावला. गर्भाशयातून एक रक्तवाहिनी निघून भरीव गोळ्यात शिरताना दिसली, देठातून शिरावी तशी. पाण्याच्या भागाभोवती अंडाशयाची कडा होती, तिच्यात बारीक बारीक काळे ठिपके, स्त्रीबीजाचे. आणि पाण्यात, अगदी पुसट, जाळ्यासारखे धागे. त्या धाग्यांत रंग नव्हता, म्हणजे रक्त वाहत नव्हतं.

मी जेली पुसायला कागद दिला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. “झालं. डॉक्टरांना दाखवा.”

ती उठली नाही.

“कॅम्पातले म्हणाले, डॉक्टरांना दाखवा. हुबळीच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, रिपोर्टात लिहिलंय, उजवं अंडाशय काढावं लागेल. काकांनी ऑपरेशनची तारीख घेतलीय, लग्नाआधी सगळं साफ व्हावं म्हणून. अंगडीबाई म्हणाल्या, गलगलींकडे जा. आता तुम्ही म्हणताय डॉक्टरांना दाखवा.” ती छताशीच बोलत होती. “अज्जा, पोट माझं आहे. मला कुणी दाखवणार आहे का?”

मला कुणी अज्जा म्हटलं की मी गोंधळतो. मला नातवंडं नाहीत. इमामबी दारात उभी होती, ती म्हणाली, “साहेब, तिला लघवी लागलीय, पण ती उठायची नाही. मी ओळखलीय हिला. तुम्ही सांगून टाका.”

मी पडदा तिच्याकडे वळवला. असं मी कधी करत नाही.

“तू माग चालवतेस ना?”

“साडीचे काठ विणते.”

“हे बघ. हे सगळं काळं आहे ते पाणी, तुझं मूत्राशय. पाणी आवाजाला अडवत नाही, म्हणून काळं. आणि त्याच्या मागचं सगळं उजळ दिसतंय, दिसतंय ना?”

“हो.”

“अंडाशयात दर महिन्याला असा एक बारका पाण्याचा फुगा तयार होतो. बीज बाहेर पडलं की तो जिरतो. कधी जिरत नाही, मोठा होतो. त्याला सिस्ट म्हणतात. साधी सिस्ट असली तर ती अशीच काळी असते, या मूत्राशयासारखी. भिंत पातळ, गुळगुळीत, आत काही नाही. तसली असली की आम्ही घाबरत नाही.”

“माझी साधी नाही,” ती म्हणाली. “आत धागे आहेत.”

तिला दिसले होते. मला ते धागे दिसायला पाच मिनिटं लागली होती, पण सुताचं काम करणाऱ्या डोळ्यांना ते दिसणारच.

“धागे आहेत. म्हणून तिला साधी म्हणता येत नाही, आमच्या भाषेत ती कॉम्प्लेक्स. पण त्या शब्दाला घाबरू नकोस. त्यात फार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. फुग्यात रक्त उतरलं, ते गोठलं, की असं कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. रक्त हळूहळू विरघळतं. सहा-आठ आठवडे पुरतात त्याला.”

“आणि वाईट असलं तर?”

“वाईट असलं तर भिंत जाड असते. मध्ये जाड पडदे असतात. भिंतीवरून आत मांसाचे कोंब वाढलेले असतात आणि त्यांच्यात रक्त वाहतं, तो रंग इथे दिसतो. पोटात पाणी साठतं. यातलं काही मला दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणत नाही. मी आवाजाची सावली बघतो, पोट उघडून नाही.”

तिने पडद्यावरच्या भरीव भागाकडे बोट केलं. “आणि हा गोळा?”

“तो अंडाशयाचा नाहीच. तो गर्भाशयाच्या स्नायूचा. फायब्रॉईड. सुताचा गुंडा घट्ट गुंडाळला की आतून कसा दिसेल? तसे वेढे दिसतात बघ, आणि त्याच्या मागे काळी सावली. सिस्टच्या मागे उजेड, याच्या मागे सावली. याला बारीक देठ आहे आणि तो बाहेरच्या बाजूला लटकलाय. नेमका उजव्या अंडाशयाच्या अंगावर. त्यामुळे कॅम्पात दोन्ही मिळून एकच दिसलं. अर्धं भरीव, अर्धं पाण्याचं, एक मोठी गाठ.”

“म्हणजे रिपोर्ट खोटा?”

“खोटा नाही. धुकट.” मी पडद्यावरच्या काळ्याभोर मूत्राशयाकडे बोट केलं. “त्या दिवशी तू तहानलेली होतीस.”

बाहेरून गिरिजव्वाचा हुंदका ऐकू आला. दार उघडं होतं, तिने सगळं ऐकलं होतं. इमामबी तिला म्हणाली, “रडू नको. तू एकटी नाहीस, अख्खं गदग उपाशी येतं इथे.”

“मग ऑपरेशन?” दानेश्वरीने विचारलं.

माझ्या तोंडून कोणत्याही बाईला ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं कधी गेलेलं नाही.

“तारीख पुढे ढकला, एवढं मी लिहून देतो. पुढची पाळी, तिच्या पुढचीही येऊ दे. ती संपली की लगेच ये, पाणी पिऊन. धागे विरघळले असले तर अंडाशयाला हात लावायची गरज नाही. नसले तर हुबळीला मोठ्या मशीनवर बघू, रक्त तपासू, मग अंगडीबाई ठरवतील. मधे अचानक जोरात दुखलं, उलट्या झाल्या, भोवळ आली, तर थांबायचं नाही, त्याच क्षणी दवाखान्यात. सिस्टला कधी पीळ पडतो, या देठालाही पडू शकतो.”

“तुम्हाला काय वाटतं? विरघळतील?”

“वाटतं.”

“नक्की?”

“नक्की नाही.”

ती उठून बसली. “बरं झालं,” म्हणाली, “आतापर्यंत सगळ्यांना नक्की ठाऊक होतं.” आणि धावत बाहेर गेली.

रिपोर्ट मी तीनदा लिहिला. पहिल्यात इतके ‘बहुधा’ होते की सरोजाने फोनवरच फाडायला लावला. “दोन आहेत असं तुला दिसलं ना? मग दोन लिही. फट दिसली ना? फट लिही. तुझं मत नंतर लिही.” तसं लिहिलं. काकांनी तारीख पुढे ढकलली, पण सगळ्या गल्लीला कारण सांगून. त्यातून बातमी रोणला गेली आणि मग ते निळं आंतर्देशीय माझ्याकडे आलं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. एकदा लिहिलं, ‘रुग्णाची माहिती देता येत नाही.’ ते मला पोलिसी वाटलं. एकदा लिहिलं, ‘काळजी नसावी’, पण काळजी होती. मला स्वतःला होती. त्या दिवसांत मी जुनी पुस्तकं काढून रात्रीचं जेवण झालं की धाग्यांची चित्रं बघत बसायचो. सगळी चित्रं तिच्यासारखी दिसायची आणि एखादं नेमकं वाईटही तसंच दिसायचं. मला त्या फटीबद्दलही शंका यायला लागली. दिसली होती, की दिसावी असं वाटत होतं? सरोजाला पत्राबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “होणाऱ्या नवऱ्याला तुला विचारायचं सुचतं. तिला विचारायला काय त्याच्या जिभेला फोड आलेत?”

दुसरी पाळी संपल्यावर दानेश्वरी आली. या वेळी एकटी. आणि इतकं पाणी पिऊन की चालताना पाय जुळवत होती.

“आईने बसमध्येसुद्धा पाजलं,” ती इमामबीला म्हणाली. “आधी उपाशी मारत होती, आता बुडवते.”

मी दिवा मालवला. उजवीकडे गेलो. सुताचा गुंडा तसाच होता, तेवढाच. त्याच्या शेजारी, जिथे पाणी होतं, तिथे अंडाशय. बदामाएवढं. आत दोन-तीन काळे ठिपके. मी पुढून बघितलं, बाजूने बघितलं, दाबून बघितलं. धागे कुठेच नव्हते.

पडदा मी न सांगता तिच्याकडे वळवला.

तिने बघितलं. “गेले?”

“गेले.”

“आणि गुंडा?”

“गुंडा आहे. राहील. बाहेरच्या बाजूला असल्यामुळे मूल व्हायला सहसा अडचण करत नाही. दिवस राहिले तर थोडा वाढेल, कदाचित दुखेल, तेव्हा असा गुंडा आहे हे अंगडीबाईंना सांगायचं. एरवी वर्षातून एकदा दाखवायचा.”

तिने डोळे मिटले. ती रडत नव्हती. बराच वेळ ओझं धरून उभं राहिल्यावर माणूस भिंतीला टेकतो, तशी ती त्या टेबलावर टेकली होती. मलाही खुर्चीत बसावंसं वाटलं, म्हणून बसलो.

मग मी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिलं. ते बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही. पण त्यात तिचं नाव होतं.

तिने ते दोनदा वाचलं. “‘मला एकट्याला’,” ती म्हणाली. “मास्तर आहेत ना. पेपर फुटू नये तशी काळजी.” मग थोड्या वेळाने, “अक्षर चांगलं आहे.”

“काय लिहू?”

“तुम्ही अजून लिहिलं नाहीत?”

“नाही.”

“इतके दिवस?”

तिने पत्र घडी घालून परत दिलं. “लिहा की, तिला सगळं माहीत आहे, तिलाच विचारा. मी सांगेन त्यांना. चित्र काढून सांगेन. ऐकून पळाले तर पळू देत, बेटगेरीहून रोणला बस आहे. परतीची पण आहे.”

“मूल होण्याबद्दल काही—”

“ते मी सांगेन,” ती म्हणाली. “तुम्ही ‘सहसा’ म्हणाल आणि ते ‘सहसा’वर रात्रभर जागतील.”

इमामबी तोंडाला पदर लावून हसली.

ती गेल्यावर मी दुसरी बाई आत घेतली नाही. आंतर्देशीय काढलं आणि लिहिलं. खूप वेळ लागला, कारण दरवेळी वाक्य लांबत होतं आणि मी ते खोडत होतो. शेवटी एवढं उरलं:

‘श्री. मुळगुंद मास्तर यांस, सा. न. आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. आपण जे विचारलंत ते दानेश्वरीला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि ते सांगायचं की नाही हा अधिकार तिचा. तिला विचारा. ती नीट समजावून सांगते. आपला, वें. गलगली.’

‘ती नीट समजावून सांगते’ हे वाक्य खोडावं की ठेवावं, यावर मी थोडा वेळ अडलो. मग ठेवलं. कडांना पाणी लावून चिकटवलं, पत्ता लिहिला आणि बाहेर निघालो.

“साहेब, बाहेर दोघी बसल्यात, पाणी प्यायलेल्या,” इमामबी म्हणाली. “त्यांना फार वेळ धरवणार नाही.”

“आलोच,” म्हटलं.

टपालपेटी बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. मी आंतर्देशीय आत टाकलं, पडल्याचा आवाज ऐकला आणि लगबगीने मागे फिरलो.